प्रश्नच चुकला असेल, तर मंडळाला काय लिहावं?

२१ फेब्रुवारी २०२३. महाराष्ट्रातल्या बारावीच्या परीक्षेचा पहिला दिवस, इंग्रजीचा पेपर. मुलं कवितेच्या विभागापर्यंत आली आणि थबकली. ए-३, ए-४ आणि ए-५ या उपप्रश्नांच्या जागी प्रश्नच नव्हते. दोन ठिकाणी परीक्षकांसाठीच्या सूचना छापून आल्या होत्या आणि एका ठिकाणी चक्क नमुना उत्तर. प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण सहा गुणांचा मामला. पेपर सुटायच्या आत शिक्षकांचे फोन सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत वृत्तवाहिन्यांना दिवसाचा विषय मिळाला.

राज्य मंडळानं मुख्य नियामकांच्या संयुक्त सभेचा अहवाल घेतला आणि सहा गुण देण्याचा निर्णय जाहीर केला. पण त्या निर्णयातली अट फार कमी लोकांनी नीट वाचली. हे गुण सरसकट सगळ्यांना नव्हते. कवितेच्या विभागातला एखादा तरी प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केलेला असावा, किंवा त्या विभागाचा नुसता उल्लेख उत्तरपत्रिकेत असावा, किंवा निदान ए-३, ए-४, ए-५ हे क्रमांक तरी लिहिलेले असावेत, असं मंडळाचं म्हणणं होतं. म्हणजे ज्यानं वैतागून ते पान कोरं सोडलं आणि पुढे गेला, त्याचं नुकसान. आणि ज्यानं काहीच सुचत नसताना नुसता ‘ए-३’ असा क्रमांक टाकून ठेवला, त्याच्या पदरात दोन गुण. मंडळाच्या बाजूनं पाहिलं तर हे तर्काला धरूनच आहे. परीक्षकाला गुण कुठेतरी लिहावे लागतात, आणि विद्यार्थी त्या प्रश्नापर्यंत पोचला होता याची काहीतरी खूण कागदावर लागते.

असली चूक आंधळ्यालाही दिसते, त्यामुळे पत्राचं काम तिथे फार नसतं. पान दाखवलं की झालं. पत्राची खरी कसोटी लागते ती छपाई स्वच्छ असलेल्या, वाक्यरचना नीटस असलेल्या आणि तरीही आतून पोकळ असलेल्या प्रश्नांवर. असे प्रश्न पेपर काढणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, नियामकाच्या सुटतात आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्याही सुटतात.

याचं एक नामांकित उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेत मे १९८२ मध्ये एक भूमितीचा प्रश्न आला. दोन वर्तुळं एकमेकांना टेकलेली. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेवरून घरंगळत पूर्ण फेरी मारून मूळ जागी येईल, तेव्हा ते स्वतःभोवती किती वेळा फिरलेलं असेल? पर्याय होते दीड, तीन, सहा, साडेचार आणि नऊ. परीक्षा घेणाऱ्यांचं उत्तर होतं तीन. मोठ्याचा परीघ लहानाच्या तिप्पट, म्हणून तीन फेऱ्या. हिशेब सरळ वाटतो.

आता एक रुपयाची दोन सारखी नाणी टेबलावर एकमेकांना टेकवून ठेवा. दोन्हींवरचे सिंह सरळ उभे दिसतील असे. खालचं नाणं बोटानं दाबून धरा आणि वरचं त्याच्या कडेवरून न घसरता फिरवत न्या. दोन्हींचा परीघ सारखा, म्हणजे मूळ जागी येईपर्यंत एकच फेरी व्हायला हवी. पण नाणं अर्ध्या वाटेवर, दाबलेल्या नाण्याच्या बरोबर खाली पोचलं की सिंह पुन्हा सरळ उभे दिसतात. एक फेरी तिथेच संपली. वर परत येईतो दोन झाल्या. वाकड्या कडेवरून जाताना नाणं घरंगळतं तेवढं फिरतंच. शिवाय मोठ्या वर्तुळाला वळसा घातल्यामुळे आणखी एक फेरी पदरात पडते. म्हणून सॅटच्या प्रश्नाचं उत्तर तीन अधिक एक, म्हणजे चार. आणि चार हा पर्याय यादीत नव्हताच.

सुमारे तीन लाख मुलांनी तो पेपर दिला. प्रश्नात गडबड आहे असं पटवून देणारी पत्रं तिघा विद्यार्थ्यांनी लिहिली. परीक्षा मंडळाला ती मान्य करावी लागली, प्रश्न रद्द झाला आणि गुण नव्यानं मोजले गेले. तीन लाखांपुढे तीन ही संख्या काहीच नाही. पण त्यांच्या बाजूला अशी सिद्धता होती की ती वाचणारा ती स्वतः टेबलावर पडताळून पाहू शकत होता. ‘आम्हाला वाटतं’, ‘आमच्या सरांचंही तेच मत आहे’ असल्या आधाराची त्यांना गरजच पडली नाही.

पडताळून पाहता येईल असा पुरावा, हीच गोष्ट आपल्याकडे न्यायालयांनीही मागितली आहे. उत्तर प्रदेशातल्या १९८२ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता हा खटला उभा राहिला. उत्तरसूचीतली काही उत्तरं चुकीची आहेत अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती, आणि अभ्यासक्रमातली पाठ्यपुस्तकं त्यांच्याच बाजूनं बोलत होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला, पण जाता जाता एक उंबरठाही घालून ठेवला. उत्तरसूची बरोबर आहे असंच आधी धरलं जाईल; ती चूक आहे हे लांबलचक तर्काच्या साखळीनं नव्हे, तर स्पष्टपणे दाखवून द्यावं लागेल. त्या विषयातल्या कोणाही जाणकाराला ते उत्तर बरोबर म्हणता येणार नाही, इतकं स्पष्ट. याच निकालात परीक्षा घेणाऱ्यांनाही सूचना होती की, प्रश्नातली संदिग्धता लक्षात आणून दिली गेली तर वेळेवर निर्णय घ्या, संशयास्पद प्रश्न वगळा आणि त्याला गुणच ठेवू नका. २०१७ च्या अखेरीस आलेल्या रणविजय सिंह खटल्याच्या निकालानं हा उंबरठा आणखी उंच केला: शंका उरत असेल, तर शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, परीक्षार्थीला नाही.

म्हणून पत्र लिहिणाऱ्यानं ‘प्रश्न कठीण होता’, ‘अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला’, ‘भाषा गोंधळात टाकणारी होती’ अशी वाक्यं लिहून स्वतःची बाजू लंगडी करू नये. अशा वाक्यांत शंका असते, सिद्धता नसते.

आणि सिद्धता म्हणजे नेमकं काय, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२४ च्या नीट परीक्षेत घडलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधानं दिली होती. पहिलं, अणूंमध्ये धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे ते विद्युतदृष्ट्या उदासीन असतात. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. पहिलं बरोबर, यात वाद नाही. दुसऱ्यात ‘प्रत्येक’ हा शब्द अडचणीचा होता, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. तेव्हा पर्याय चार, म्हणजे ‘पहिलं बरोबर, दुसरं चूक’, हे उत्तर. पण एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असंच छापलेलं होतं; नव्या आवृत्तीत ते बदलून ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ झालं. मोठ्या भावाबहिणींची जुनी पुस्तकं वापरून अभ्यास केलेल्या मुलांनी पर्याय दोन, म्हणजे दोन्ही विधानं बरोबर, असं उत्तर दिलं.

राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं आक्षेप आल्यावर सोपा मार्ग काढला: दोन्ही पर्यायांना गुण. दिसायला हे उदार आहे. प्रत्यक्षात त्यानं नवा अन्याय जन्माला घातला. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक वजा होतो, त्यामुळे दोन पर्यायांमधला फरक पाच गुणांचा. ४ जूनच्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ जण निघाले, आणि त्यांतल्या ४४ जणांचे पैकीच्या पैकी या एका प्रश्नाच्या सवलतीवर उभे होते. शंका आली म्हणून, वजा गुणाच्या भीतीनं ज्यांनी प्रश्न सोडून दिला होता, त्यांना मात्र काहीच मिळालं नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाला एकच गोष्ट खटकली: दोन परस्परविरोधी पर्याय एकाच वेळी बरोबर कसे असतील? (कानपूर खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला होता. वडलांनी घातलेल्या उंबरठ्यावर मुलासमोर चाळीस वर्षांनी तोच प्रश्न येऊन उभा राहिला, हा योगायोग गमतीचा आहे.) २२ जुलैला न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर मागितलं. समितीनं सांगितलं, चौथा पर्याय बरोबर, आणि तोच एक बरोबर. सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी दुसरा पर्याय निवडला होता. त्यांचे पाच-पाच गुण गेले. सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुणांचे मानकरी ६७ वरून १७ वर आले.

पाठ्यपुस्तकाचा आधार घ्यायचा तर चालू आवृत्तीचा घ्यावा, हा या प्रकरणातला उघड धडा. पत्राला पानाची छायाप्रत जोडताना मुखपृष्ठ आणि आवृत्तीचं वर्ष असलेलं आतलं पानही जोडायला हवं. नाहीतर समोरचा तेवढ्यावरच पत्र बाजूला ठेवू शकतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मागणीची आहे. पत्रात काय मागायचं, हे चूक दाखवण्याइतकंच विचार करून ठरवावं लागतं, कारण प्रत्येक उपायात कोणाचं तरी कमी होतं. प्रश्न रद्द केला, तर ज्यानं त्यावर दहा मिनिटं घालवून तो पूर्ण सोडवला, त्याचे कष्ट पाण्यात. सगळ्यांना गुण दिले, तर ज्याला काहीच येत नव्हतं त्यालाही ते मिळतात. दोन उत्तरं मान्य केली आणि त्यांतलं एक मुळातच चूक असेल, तर नीटसारखी गत होते. दोन्ही उत्तरं मान्य करण्याची मागणी तेव्हाच टिकते, जेव्हा दोन्ही उत्तरं प्रश्नातल्याच माहितीवरून खरोखर बरोबर निघतात.

असा प्रश्न कसा असतो, ते पाहण्यासाठी दहावीच्या भूमितीच्या धर्तीवर एक प्रश्न रचून पाहू. ‘५ सेमी त्रिज्येच्या वर्तुळात ८ सेमी आणि ६ सेमी लांबीच्या दोन समांतर जीवा आहेत. त्या जीवांमधील अंतर काढा.’ प्रश्न साधा. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, म्हणून पहिल्या जीवेचा अर्धा भाग ४, कर्ण ५, केंद्रापासूनचं अंतर ३. दुसऱ्या जीवेचा अर्धा भाग ३, म्हणून अंतर ४. आता जीवा केंद्राच्या विरुद्ध बाजूंना असतील तर दोघींमधलं अंतर ३ अधिक ४, म्हणजे ७ सेमी. एकाच बाजूला असतील तर ४ वजा ३, म्हणजे १ सेमी. प्रश्नात बाजू सांगितलेली नाही आणि आकृतीही दिलेली नाही. पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच आकृती होती, आणि बहुधा ती ७ सेमीची.

परीक्षेच्या हॉलमध्ये हे लक्षात आलेल्या मुलानं काय करावं? दोन्ही शक्यता लिहाव्यात, दोन छोट्या आकृत्या काढाव्यात. वेळ नसेल तर ‘जीवा केंद्राच्या विरुद्ध बाजूंना आहेत असे मानून’ एवढी एक ओळ वर लिहून उत्तर सोडवावं. ही ओळ पुढे पुरावा होते. ‘सर, प्रश्न चुकलाय, कृपया गुण द्या’ असं मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नये; परीक्षकाला केलेली विनवणी गैरप्रकारात मोडते. विनंतीची जागा पत्रात असते आणि पत्र मंडळाला जातं.

राज्य मंडळाचं मुख्यालय पुण्यात आहे, पण शाळेचा रोजचा संबंध नऊ विभागीय मंडळांशी येतो. म्हणून पत्र आपल्या विभागीय मंडळाच्या विभागीय सचिवांना लिहावं, प्रत राज्य मंडळाच्या सचिवांना द्यावी, आणि शक्यतो ते मुख्याध्यापकांच्या सहीनं, विषयशिक्षकाचं टिपण जोडून जावं. एकट्या पालकाचं पत्र चालतच नाही असं नाही. पण शाळेच्या जावक क्रमांकासह गेलेल्या पत्रात एका मुलाच्या गुणांपेक्षा प्रश्नाच्या दोषाबद्दल बोललं जातंय, हे पहिल्याच नजरेत कळतं. वरच्या प्रश्नावरचं पत्र साधारण असं होईल:

‘मा. विभागीय सचिव, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, यांना सविनय सादर.

विषय: इ. १० वी, गणित भाग २, मराठी माध्यम, प्रश्न क्र. ३ (ब) मधील उपप्रश्न २ ची दोन उत्तरे संभवत असल्याबाबत.

महोदय,

वरील उपप्रश्नात समांतर जीवा केंद्राच्या एकाच बाजूस आहेत की विरुद्ध बाजूंस, हे नमूद नाही. आकृतीही दिलेली नाही. त्रिज्या ५ सेमी असल्याने ८ सेमी जीवेचे केंद्रापासूनचे अंतर ३ सेमी व ६ सेमी जीवेचे ४ सेमी येते. जीवा विरुद्ध बाजूंस असल्यास त्यांमधील अंतर ७ सेमी व एकाच बाजूस असल्यास १ सेमी येते. प्रश्नातील सर्व अटी दोन्ही उत्तरे पूर्ण करतात. दोन्ही आकृत्या व सोडवणूक सोबत जोडली आहे.

सबब, ७ सेमी किंवा १ सेमी यांपैकी कोणतेही एक उत्तर योग्य रीतीसह लिहिणाऱ्या, तसेच दोन्ही उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ण गुण द्यावेत, अशा सूचना परीक्षक व नियामकांना देण्याबाबत विचार व्हावा, ही विनंती.

सोबत: १) प्रश्नपत्रिकेच्या संबंधित पानाची प्रत, २) सोडवणूक व आकृत्या.’

पत्र इथेच संपायला हवं. मुलांवरचा ताण, शाळेची परंपरा, गेल्या वर्षीच्या पेपरातल्या चुका यांतलं काहीही त्यात नाही, आणि ते मुद्दाम नाही. विषयाच्या ओळीत माध्यमाचा उल्लेख आहे, तो विसरू नये. एकाच पेपरच्या मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी अशा आवृत्त्या असतात आणि कित्येकदा दोष एकाच भाषेतल्या छपाईत असतो. मूळ प्रश्नात ‘केंद्राच्या विरुद्ध बाजूंना’ असं असेल आणि मराठीत ते गळालं असेल, तर मंडळाला दोन प्रती शेजारी ठेवून पाच मिनिटांत निर्णय घेता येतो. नीटसारख्या परीक्षेत मात्र हा मार्ग जवळजवळ बंद असतो. भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी पाठ अंतिम धरला जाईल, असं माहितीपत्रकात आधीच बजावलेलं असतं. तिथे आक्षेपाची रीतही वेगळी. कच्ची उत्तरसूची प्रसिद्ध झाली की संकेतस्थळावरून मुदतीतच आक्षेप नोंदवायचा आणि प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये भरायचे. हे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा ‘लागला तर मटका’ म्हणून पाच-सहा प्रश्नांवर बोट ठेवण्यापेक्षा ज्याची सिद्धता हातात आहे, त्या एकावर जोर द्यावा.

राज्य मंडळाच्या बाबतीत वेळेचं गणित आणखी नाजूक असतं. पेपर झाल्यावर थोड्याच दिवसांत मुख्य नियामकांची सभा होते. तिथे नमुना उत्तरं आणि गुणांची विभागणी ठरते, आणि त्या सूचना खाली नियामकांमार्फत परीक्षकांपर्यंत जातात. सभेच्या आधी पोचलेलं पत्र त्या टेबलावर चर्चेला येऊ शकतं. गठ्ठे तपासून झाल्यावर आलेल्या पत्रासाठी हजारो उत्तरपत्रिका पुन्हा उघडाव्या लागतील, आणि कुठलीही यंत्रणा त्याला सहजासहजी तयार होत नाही. म्हणून पेपर झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पत्र हाती पोचतं करावं, ईमेलही करावी आणि पोचपावतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा.

मंडळाकडून पत्राला वेगळं उत्तर येईलच असं नाही. मागणी मान्य झाली का, हे बहुतेक वेळा निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली की कळतं. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेले प्रश्न पाहिले जातात, त्यामुळे या कामी ती उपयोगाची नाही, छायाप्रतच लागते. तिच्यात ‘१ सेमी’ या उत्तरावर काट मारलेली दिसली, तर छायाप्रत मिळाल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्या अर्जाला शिक्का मारलेल्या पत्राची प्रत आणि त्याच दोन आकृत्या जोडाव्यात.